विषय: दिवाळी कार्यक्रम – मागचा पडदा, प्रोजेक्टर की माळा?

मुग्धा:
मंडळी, हॉलवाल्यांना शनिवारचं सामान उद्याच कळवायचंय, म्हणून आज ठरवाच. बैठकीत प्रोजेक्टरवर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ठरला होता. काल जाऊन स्टेज मोजलं. मागच्या भिंतीपासून कडेपर्यंत जेमतेम १४ फूट. लेझीमला १० लागतात. म्हणजे पडद्यामागे प्रोजेक्टरला ४ उरले. नितीन, जमेल? नाहीतर माझ्याकडे माळांचे पडदे आहेतच.

नितीन:
समोरून लावू. आपला प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा आहे, उजेड मुबलक. उंच स्टँडवर ठेवायचा, खाली वाकवायचा आणि कीस्टोनने चित्र चौकोनी करायचं, की सावल्यांचा प्रश्नच मिटला. नाट्यप्रवेशाला असंच केलं होतं. बाकी प्रोजेक्टर सजावट समितीचा की साउंड-लाइटवाल्यांचा, हे एकदा ठरलं तर बरं.

देशपांडे काका:
माळा लावायच्या तर आधी एकदा पेटवून बघा हो. आमच्या डेकवरच्या माळेतला एक दिवा गेला आणि अर्धी माळ अंधारात. सौ. म्हणाल्या पणत्याच बऱ्या.

अश्विनी:
काका, पणत्या नकोत. शाळेच्या हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही. पडद्याच्या कापडालाही आग न पकडणारं असल्याचा टॅग मागतात, तेव्हा मुग्धा, घरच्या चादरी आणू नकोस.

नितीन, सावलीचं तुझं अर्धं बरोबर आहे. आपला प्रोजेक्टर दीड फूट मागे सरकवला की चित्र एक फुटाने रुंद होतं. १२ फूट रुंद दरवाजा हवा तर प्रोजेक्टर पडद्यापासून १८ फुटांवर, म्हणजे स्टेजच्या कडेपुढे ४ फूट. लेन्स स्टेजच्या फळीपासून ९ फूट उंच धरली, तर पुढच्या रांगेच्या सावल्या खाली जातील. पण पडद्यापासून ४ फुटांवर उभ्या असलेल्या मागच्या रांगेच्या सावल्या साडेचार फुटांपर्यंत चढतील. दरवाजात अर्धी लेझीम काळी दिसेल. शिवाय कीस्टोनने प्रोजेक्टरचा थोडा उजेड वाया जातो आणि कडा पुसट होतात. नाट्यप्रवेशात दोघंच होते आणि ते बसलेले होते, म्हणून निभावलं.

मागून लावला तर ४ फुटांत पावणेतीन फुटांचं चित्र येईल. त्यात वाड्याची खिडकी दिसेल, दरवाजा नाही. भाड्याने शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र पाडणारा प्रोजेक्टर मिळाला तर तेवढ्याच जागेत ८ फूट मिळतात. मात्र मागून दाखवायचं तर पडदाही त्यासाठीचाच हवा. पातळ कापडातून लेन्सचा पांढरा डोळा चमकतो, प्रेक्षक तिकडेच बघत बसतात.

नितीन:
मग दिवे मंद करू, चित्र उठून दिसेल.

अश्विनी:
मग लेझीमवाल्यांचे चेहरे कोणाला दिसणार? ३००० ल्युमेन १२ फुटी चित्रावर पसरले की दर चौरस फुटाला जेमतेम ३७ येतात. स्टेजवरचे दिवे तेवढे सहज देतात आणि चित्र धुऊन निघतं. दिवे मंद करण्यापेक्षा ते पडद्यावर पडूच नयेत हे बघायचं. हॉलच्या मागून आडवे न मारता वरून ४५ अंशांत मारले, तर साडेपाच फुटी माणसाच्या डोक्यावरून गेलेला उजेड त्याच्या मागे साडेपाच फुटांवर जमिनीला लागतो. म्हणून पडद्यापुढे ६ फूट मोकळे हवेत. आपल्याकडे ४ आहेत.

माझं मत माळांना. मागे काळं कापड, त्याच्यापुढे वीतभर अंतरावर माळा. पांढरं कापड लावलं की समोरचा उजेड परततो आणि दिवे फिके पडतात. माळा चमकत्या नकोत, एकसारख्या जळणाऱ्या हव्यात, आणि पूर्ण तेजाने तर नकोतच. फोनचा कॅमेरा त्या झगमगाटाकडे बघून आपोआप अंधार करतो आणि माणसं काळी येतात. आधी कोणालातरी समोर उभं करून व्हिडिओ काढा. चेहरा दिसेपर्यंत तेज उतरवत जायचं. व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर ती माळ बदला.

मुग्धा:
माझ्या माळांना डिमर नाही. दोन पडदे पिवळसर आहेत, एक पांढराशुभ्र. चालेल?

अश्विनी:
पांढरा घरीच ठेव. शेजारी लावलास तर पिवळे जुने वाटतील. डिमर नसेल तर माळांपुढे पातळ शिफॉन सोड, उजेडही उतरतो आणि ठिपके मऊ होतात. पण त्यालाही टॅग लागेल.

खजिनदार:
माळाच लावल्या तर प्रायोजकांच्या स्लाइड कुठे दाखवायच्या? दोघांना शब्द दिलाय.

नितीन:
बाजूच्या भिंतीवर. तिथे प्रोजेक्टर माझा, आणि त्याच्यापुढे कोणी नाचत नाही. शॉर्ट थ्रोचं भाडं तरी विचारून ठेवतो.

देशपांडे काका:
डिमर आमच्याकडे आहे. जुना आहे, बल्बच्या झुंबराचा. आणू का?

अश्विनी:
नको काका, एलईडीवर तो फडफडेल.