खुलभर दुधाची कहाणी इटालियनमध्ये: पालुपदे ठेवावीत की गाळावीत?

धागाकर्ती: श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मी इटालियनमध्ये आणत आहे. ‘गाभारा भरला नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी तेच ठेवावे का? शेवटचे तात्पर्य आणि ‘साठा उत्तरांची कहाणी’ राखावी का? संपादकांना दोन्ही जड वाटतात.

जुना अनुवादक: वाक्य तेच ठेवावे. राजाच्या दवंडीमुळे वासरे आणि मुले उपाशी ठेवून गावाने सगळे दूध ओतले, तेव्हा गाभारा भरला नाही. म्हातारी आपल्या प्रार्थनेत तेच शब्द उच्चारते आणि तिच्या खुलभर दुधाने तो भरतो. इटालियनमध्ये ‘नोन सी रिएंपी’, म्हणजे ‘भरला नाही’, हे जर प्रत्येक वेळी आले, तर शेवटी केवळ नकाराचा ‘नोन’ गळून ‘सी रिएंपी’ उरते आणि सारा चमत्कार त्या एका शब्दाच्या गळण्यात दिसतो. आधी ‘रिकामा राहिला’, मग ‘दूध अपुरे पडले’ असे केल्यास तो दिसणार नाही. काळही बदलू नये. ‘दर सोमवारी भरत नसे’ असा अपूर्ण भूतकाळ घेतला, की घटनेचा सारांश होतो.

छापील वाचक: मला हे पटत नाही. कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकायची असते, पुस्तक एकट्याने वाचायचे असते. इटालियन शाळेत पुनरुक्ती टाळायलाच शिकवतात आणि त्यांच्या लोककथांना पालुपदांची सवय नाही.

जुना अनुवादक: शाळेबद्दलचे म्हणणे खरे आहे, लोककथांबद्दलचे नाही. त्यांच्या तोंडी कथांत ठरलेली यमके आणि आवर्तने भरपूर आहेत. ‘चेरा ऊना वोल्ता’ हे तर तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते; ‘आटपाट नगर होतं’ याच्या जागी ते सहज बसेल.

परदेशस्थ आजी: माझ्या नातवंडांना मी ही कहाणी इंग्रजीत सांगते आणि उपदेश वगळते. त्यांना उपवास माहीत नसताना व्रताचे फळ कसे समजावणार?

जुना अनुवादक: आजी, येथे उपदेश बाहेरून चिकटवलेला नाही. राजाने पकडल्यावर म्हातारी अभय मागते आणि मगच सांगते, की वासरांचे आणि मुलांचे आत्मे तळमळले, ते देवाला आवडले नाही. तो तिचा संवाद आहे. काढला तर राजाला कारणच कळणार नाही. त्यासाठी उपवास ठाऊक असण्याची गरज नाही.

छापील वाचक: संवाद राहू द्यावा, हे मान्य. मात्र ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ याऐवजी त्यांचेच ‘स्त्रेत्ता ला फोल्या, लार्गा ला विया’ का घेऊ नये? तेही कथा संपवण्याचेच वचन आहे.

धागाकर्ती: त्या वचनाच्या पुढच्या ओळीत सांगणारा ‘मी माझी सांगितली, आता तुम्ही तुमची सांगा’ असे म्हणतो. आपल्याकडे मात्र व्रताची सांगता होते. ‘नोन सी रिएंपी’ मी सगळीकडे तेच ठेवत आहे; शेवटच्या ओळीचे दोन्ही मसुदे संपादकांकडे पाठवते.