कोलेस्टेरॉल म्हणे अँटीफ्रीझ!

फोंड्याचो_बारावीवालो: पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये दोन थर का, हे सरांनी एका वाक्यात संपवलं. त्यातल्या फॉस्फोलिपिड रेणूच्या डोक्याला पाणी आवडतं, शेपटी पाण्याला भिते, म्हणून बायलेयर. कोलेस्टेरॉल म्हणजे मेम्ब्रेनचं अँटीफ्रीझ. एवढं लिहिलं की पूर्ण मार्क, बाकी पाल्हाळ कशाला?

मांडवीकाठी: मार्क मिळतील रे, पण त्या हिशेबाने साबणाचाही बायलेयर व्हायला हवा. डोकं त्यालाही आहे, शेपटीही आहे. तरी पाण्यात त्याचे बारीक गोळेच होतात, कारण शेपटी एकच आणि डोकं त्या मानाने रुंद. असे रेणू शेजारीशेजारी लागले की वाक येतो आणि गोळा मिटतो. फॉस्फोलिपिडला दोन शेपट्या, त्यामुळे तो वरपासून खालपर्यंत साधारण सारख्या जाडीचा. त्याचा सपाट थर लागतो, आणि कडा पाण्यात उघड्या राहू नयेत म्हणून थर पिशवीसारखा बंद होतो.

आणि शेपटी भितेबिते काही नाही. तिच्याभोवतीच्या पाण्याला आपले हायड्रोजन बंध टिकवायला अवघडून बसावं लागतं. शेपट्या एकत्र आल्या की ते पाणी सुटतं. जोर पाण्याचा आहे.

काजूभाट: माझ्या काकांना सत्तरी तालुक्यात काजू गोळा करताना घोणस चावली होती. पायाला केवढी सूज, लघवी काळपट. डॉक्टर म्हणाले रक्तपेशी फुटतायत. म्हणजे त्यांच्यात कोलेस्टेरॉल कमी होतं का?

मांडवीकाठी: नाही हो, पण उदाहरण नेमकं दिलंत. घोणशीच्या विषात फॉस्फोलिपेज ए२ नावाचं एन्झाइम असतं. ते फॉस्फोलिपिडची एक शेपटी कापतं. उरलेला एकशेपटी रेणू साबणासारखा वागतो आणि थर टिकू देत नाही. अर्थात घोणशीचं मोठं संकट म्हणजे रक्त न गोठणं; सगळं पेशी फुटण्यावर ढकलू नका. काका बरे आहेत ना?

काजूभाट: बरे आहेत. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून. आमच्या जवळच्या दवाखान्यात ते नव्हतंच, तो विषय वेगळा...

म्हापशाची_सून: कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉल! माझ्या सासऱ्यांचं खोबरेल तेल बंद केलं डॉक्टरांनी. जन्मभर खाल्लं, आता म्हणे विष. आणि इथे तुम्ही तेच कोलेस्टेरॉल पेशीला हवंच म्हणता. ठरवा काय ते एकदा.

पेडण्याचो_मास्तर: ताई, खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, ते झाडाचं. डॉक्टरांची हरकत त्यातल्या सॅच्युरेटेड फॅटला, त्याने रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं.

म्हापशाची_सून: मग आमच्या आज्या नव्वदीपर्यंत जगल्या त्या कशा? सुकं खोबरं, सोलकढी, सगळं खाऊन!

पेडण्याचो_मास्तर: नव्वदीपर्यंत न पोचलेल्या आज्या इथे लिहायला येत नाहीत. ते सोडा. सरांचं अगदीच चुकलेलं नाही. थंडीत खोबरेल बाटलीत घट्ट होतं, कारण सरळ शेपट्या दाटीने बसतात. कोलेस्टेरॉल मध्ये घुसून ती दाटी मोडतं. याला अँटीफ्रीझ नाही तर काय म्हणायचं?

मांडवीकाठी: अर्धं बरोबर, मास्तर. अँटीफ्रीझ गोठण्याचं तापमान खाली ढकलतं. कोलेस्टेरॉल तो बिंदूच पुसून टाकतं. डीपीपीसी या फॉस्फोलिपिडचं उदाहरण घ्या. दोन्ही शेपट्या १६ कार्बनच्या आणि सरळ. नुसता असला तर ४१ अंशांच्या खाली घट्ट जेल, वर सैल, आणि उष्णता मोजणाऱ्या कॅलरीमीटरवर तिथे टोकदार शिखर दिसतं. कोलेस्टेरॉल वाढवत गेलात तर शिखर बसकं आणि पसरट होतं; निम्मं झालं की दिसतच नाही.

म्हणजे ४१ च्या खाली थर एरवीपेक्षा सैल, आणि वर एरवीपेक्षा घट्ट. वर घट्ट का? कोलेस्टेरॉलच्या कडक कड्या डोक्याजवळच्या शेपटीच्या भागाला चिकटून त्याचं हलणं आवरतात. खालची टोकं मोकळीच राहतात. सरांच्या अँटीफ्रीझमध्ये हा अर्धा भाग बसतच नाही.

पेडण्याचो_मास्तर: बरं, मान्य. पण तुमचं कॅलरीमीटर बांगड्याला काय कामाचं? थंड पाण्यातले मासे शेपटीत दुहेरी बंध वाढवून वाकडेपणा आणतात. ई. कोलाय जिवाणूकडे तर कोलेस्टेरॉलच नाही, तोही थंडीत तेच करतो. आणि आपलं शरीर बाराही महिने ३७ वर. आपल्याला तापमानाची ही कसरत कशाला?

मांडवीकाठी: हा प्रश्न चांगला आहे, कबूल करावं लागतंय. माझ्या मते आपल्याकडे कोलेस्टेरॉलचं मोठं काम थर गळू न देणं हे आहे. लाल पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये प्रत्येक फॉस्फोलिपिडमागे जवळजवळ एक कोलेस्टेरॉल, तर मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलात अगदी थोडं. तापमान दोघांचं एकच! पुस्तकं मात्र तापमानावरच अडतात.

पेडण्याचो_मास्तर: थंडीत बोटं ३७ वर नसतात, मांडवीकाठी.

मांडवीकाठी: गोव्यात कधी?

म्हापशाची_सून: माझ्या प्रश्नाचं कोणी उत्तर देणार आहे का? सासरे बाटली घेऊन बसलेत.

फोंड्याचो_बारावीवालो: मी अँटीफ्रीझच लिहिणार. पेपर सर तपासणार आहेत, तुम्ही नाही.