मदत हवी आहे: निवृत्तीला 2 वर्षं, बँक रिकन्सिलिएशन सॉफ्टवेअरकडे गेलं

अंधेरीच्या ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. आता बँकेच्या आणि आमच्या वहीतल्या नोंदी सॉफ्टवेअर जुळवतं, माझ्याकडे फक्त न जुळलेल्या येतात. उरलेली 2 वर्षं आपली गरज राहील का, ही धास्ती आहे.

खरं डोकं त्या उरलेल्या नोंदींनाच लागतं. सल्ल्याच्या फीचं बिल 1,18,000 चं, त्यात जीएसटी 18,000. गिऱ्हाईक मूळ 1,00,000 वर 10 टक्के टीडीएस कापतं आणि बँकेत 1,08,000 येतात. नियम नीट बसवलेला नसेल तर सॉफ्टवेअर ही नोंद बाजूला टाकतं.

अडतं दुसरीकडे. बँकेची सीएसव्ही फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली की चेक नंबर 004512 चा 4512 होतो. तशीच सेव्ह केली तर शून्यं गेलीच, फाईल पुन्हा उतरवायची. एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीतून फाईल घेतली की `Changed Type` ही पायरी आपोआप येते, तिथे तो कॉलम `Text` करायचा. इतपत जमलंय, पुढचं शिकायचंय.

दादर-ठाणे पट्ट्यात मराठीतून शिकवणारा संध्याकाळचा वर्ग कुणाला माहीत आहे का? आणि न जुळलेल्या नोंदींचं काम रीतसर माझ्या नावावर द्या, हे साहेबांपुढे कसं मांडावं?