‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ इंग्रजीत कसे सांगावे?

लातूरकर : आमच्या बँकेच्या शाखेत केरळहून आलेले एक सहकारी आहेत. कुणी म्हण वापरली की ते तिचा अर्थ आवर्जून विचारतात. काल मी वरील म्हण ‘इफ देअर इज नो वॉटर इन द वेल, फ्रॉम व्हेअर विल इट कम इन द बकेट’ अशी सांगितली. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “टँकरमधून.” २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणले होते, हे त्यांना ठाऊक असल्याने ही म्हण दुष्काळाचीच आहे असे त्यांना वाटले. माझे कुठे चुकले?

नांदेडकर : शब्दशः भाषांतर कशाला? इंग्रजीत ‘यू कान्ट गेट ब्लड फ्रॉम अ स्टोन’ ही तयार म्हण आहे, तीच सांगावी.

परभणीकर : पाणी नाही तिथून पाणी नाही, एवढ्यापुरते ते जुळते. परंतु दगडातून रक्त काढण्याची ती म्हण मागणाऱ्याच्या बाजूने बोलते. समोरचा देणार नाही किंवा देऊ शकणार नाही, तेव्हा, विशेषतः पैशांच्या बाबतीत, ती वापरतात. आपल्या म्हणीत कुणी कुणाकडे काही मागत नाही. जे मुळात नाही ते बाहेर दिसणार नाही, एवढेच तिचे म्हणणे आहे.

लातूरकर, तुमची अडचण ‘कुठून’ या शब्दाने केली. मराठीत त्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते, तो नकारच असतो. इंग्रजीत ‘फ्रॉम व्हेअर’ म्हटले की ऐकणारा खरोखर जागा शोधू लागतो. म्हणून ‘व्हॉट इजन्ट इन द वेल कान्ट कम अप इन द बकेट’ असे सरळ विधान करावे. शिवाय आड म्हणजे पायऱ्यांची विहीर नव्हे. आमच्या वाड्यातला आड अरुंद आणि खोल होता. पाणी शेंदायला दोराने पोहरा सोडायचा, तो तळाशी कोरडा आपटला की आवाजावरूनच आजी म्हणायची, “आटला.” तळ डोळ्यांना दिसत नसे, पोहराच काय ते सांगे. माणसाच्या बोलण्यातून त्याच्या आतले कळते ते तसेच, असे मला वाटते.

बीडकर : आमच्या आडाचा तळ दुपारच्या उन्हात स्पष्ट दिसायचा, त्यामुळे शेवटचा मुद्दा मला पटत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मुलाला गणितात कमी गुण पडले, तेव्हा माझ्या सासूबाई हीच म्हण माझ्याकडे पाहून म्हणाल्या. तेव्हा आड कोण, मुलगा की मी?

परभणीकर : ताई, तिथे आड तुम्हाला आणि पोहरा मुलाला म्हटले आहे. आईवडिलांत नाही ते लेकरात कुठून येणार, असाही तिचा वापर आपल्याकडे होतो, आणि तो बोचतो. त्या अर्थी इंग्रजी वाक्यात ‘वेल’ कोण आणि ‘बकेट’ कोण, हे सांगितल्याशिवाय परक्याला काहीच कळणार नाही.

लातूरकर : आज नवे वाक्य सांगितले. त्यांनी लगेच विचारले, “मग आड पुन्हा भरला तर?” पावसाळ्यात आड भरतो, पण म्हणीतला आड भरतो का, हे मला सांगता आले नाही.

नांदेडकर : भरत नसावा. निदान ही म्हण वापरणारा माणूस तशी आशा ठेवून बोलत नाही.

बीडकर : मुलाने नंतर शिकवणी लावली आणि त्याचे गुण वाढले. त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत.