फॉर्म भरपूर, फोन बंद

"फेसबुकवर दिलेल्या भरतीच्या जाहिरातीवर फॉर्म ढिगाने येतात, पण फोन केला तर निम्मे नंबर लागतच नाहीत."

फेसबुकच्या फॉर्ममध्ये नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरला जातो, आणि तो बऱ्याचदा जुना असतो. फॉर्मचा प्रकार ठरवताना More volume ऐवजी Higher intent निवडा, म्हणजे पाठवण्याआधी माहिती तपासायची पायरी येते. 'सध्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर' हा प्रश्नही वेगळा घाला. तो हातानेच टाइप करावा लागतो.

टेम्पोसाठी ड्रायव्हर हवा असेल तर नुसतं 'लायसन्स आहे का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाचं की ट्रान्सपोर्ट, मुदत कधीपर्यंत?' असं विचारा. गाडीचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार एलएमव्ही पुरतं. छोट्या टेम्पोला ट्रान्सपोर्टची अट घातलीत तर चांगली माणसं उगाच गळतात.