मदत हवी आहे: बी१२ चे पिकोग्रॅममधून पिकोमोलमध्ये रूपांतर

नमस्कार. आईच्या मागील अहवालात जीवनसत्त्व बी१२ ची पातळी २१० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर होती, तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नव्या अहवालात १५५ हा आकडा पाहून मी फार घाबरलो. एकक पिकोमोल प्रति लिटर आहे, हे नंतर लक्षात आले.

सायनोकोबालामिनचे रेणुवस्तुमान सुमारे १३५५ असल्याने, एक लिटरमधील २,१०,००० पिकोग्रॅमला १३५५ ने भागले, म्हणजेच २१० ला ०.७३८ ने गुणले, की १५५ च येतात. म्हणजे पातळी घटलेली नाही, हे माझे गणित बरोबर आहे का? रक्तात मुख्यत्वे मिथाइलकोबालामिन असते, ज्याचे रेणुवस्तुमान सुमारे १३४४ आहे. तरीही प्रयोगशाळा ०.७३८ हाच गुणक वापरतात का? शिवाय दोन्हींकडील तपासणीच्या पद्धती वेगळ्या असल्यास, एकक जुळवूनही या आकड्यांची थेट तुलना करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.