साडेपाच वर्षांच्या मुलाला नाडीचे बूट की वेल्क्रोचे? (बजेट ६००)

सानेगुरुजींच्या_गावची:
नमस्कार मंडळी. मुलगा साडेपाच वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाईल. आत्याने वाढदिवसाला नाडीचे बूट दिले, हौसेने घालतो, पण बांधता येत नाही. मी सकाळी बांधून देते, ते अकरापर्यंत सुटतं. परवा बागेत घसरगुंडीच्या शिडीवर तिसऱ्या पायरीवर होता. एका पायाने दुसऱ्या पायाची लोंबणारी नाडी दाबली आणि पाय उचलला. तोंडावर आपटला. ओठ फुटला, दात वाचले. आता हे म्हणतात वेल्क्रोचे घे आणि विषय संपव. सासूबाई म्हणतात मग पोरगा नाडी बांधायला शिकणार कधी? बजेट ६०० पर्यंत. अनुभव सांगा.

भरीतपार्टी:
ताई, ६०० मध्ये काही मिळत नाही, सरळ सांगतो. मी पुण्याहून मुलीला २२०० चे आणले, बटण फिरवलं की तार आवळते. दोन वर्षं झाली, तक्रार नाही. स्वस्तात पडून शेवटी महागच पडतं.

केळीवाला_रावेर:
दोन वर्षांत पोरीचा पाय वाढला नाही का हो भरीतपार्टी?

वेल्क्रो घेऊ नका. मी घेतले होते. पावसाळ्यात मळ्यात दोन चकरा झाल्या आणि पट्टी चिकटेनाशी झाली. आपली काळी माती त्या आकड्यांत घुसली की संपलं. मुलगा दिवसभर एक बूट फरफटवत फिरायचा. नाडी तुटली तर दहा रुपयांत नवी येते, पट्टी गेली की अख्खा बूट फेका.

भुसावळचा_निवृत्त_गार्ड:
काय भो, धागा बघून आनंद झाला. मला गुडघ्यामुळे वाकता येत नाही. वेल्क्रोचे बूट ९ नंबरमध्ये कुठे मिळतील? काळे हवेत. जळगावला फुले मार्केटमध्ये फिरलो, सगळीकडे लहान पोरांचेच.

धुळ्याचा_बूटवाला:
काका, ९ नंबरमध्ये येतात, 'डायबेटिक' म्हणून मागा. धागा तुमच्यासाठी नाही, पण असू द्या.

ताई, माझं दुकान आहे, म्हणून विक्रेता समजूनच वाचा. केळीवाले अर्धे बरोबर आहेत. माती भरली की पट्टी धरत नाही, पण जुन्या टूथब्रशने किंवा बारीक कंगव्याने आकडे विंचरले की परत धरते. ती कोरडी असताना विंचरा, ओली असताना चिखल आणखी आत जातो. मऊ बाजूची लव पिंजून गेली असेल तर मात्र काही उपाय नाही. तिथे बोट फिरवून बघा, टक्कल पडल्यासारखं गुळगुळीत लागलं तर पट्टी मेली.

दुसरं, दुकानात दोन प्रकार मिळतात. एकात पट्टी सरळ आडवी येऊन चिकटते. दुसऱ्यात ती एका कडीतून जाते आणि उलटी वळून स्वतःवरच चिकटते. दुसराच घ्या. वेल्क्रो आडव्या ओढीला घट्ट असतो, पण टोकाकडून सोललं की लगेच सुटतो. कडीवाल्यात पायाची ओढ आडवी पडते, म्हणून धावताना सैल होत नाही. ६०० मध्ये कडीवाले मिळतात, मी ४५० पासून विकतो.

इंजिनिअर_जळगाव:
नाडी का सुटते यावर बर्कली विद्यापीठाने २०१७ मध्ये अभ्यास केलाय. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गाठ दर वेळी थोडी सैल होते, आणि पाय हवेत फिरताना नाडीची मोकळी टोकं चाबकासारखी झटके देऊन तिला ओढतात. बराच वेळ काही होत नाही, मग एकदम सुटते. उपाय सोपा, डबल गाठ मारा. वेल्क्रोची गरजच नाही.

बाय द वे, वेल्क्रोची कल्पना स्विस इंजिनिअर द मेस्त्रालला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून सुचली. पेटंट १९५५ चं.

केळीवाला_रावेर:
त्यात काय, आमच्या बांधावरून चालून या, दहा पेटंट पायजम्याला चिकटून येतील.

शिशुवर्गाची_ताई:
मी एकोणीस वर्षं बालवाडीत आहे आणि दर वर्षी तीसेक बूट बघते, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी डबल गाठीचं. इंजिनिअर साहेबांनी वाचलेलं बरोबर आहे, पण आई जी गाठ मारते तीच मुळात चुकीची असू शकते. ताई, नाडी बांधून झाली की वरून बघा. फुलाचे दोन कान बुटावर आडवे, म्हणजे डावी-उजवीकडे पडले, तर गाठ बरोबर. कान उभे, एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे गेला, तर ती आळशी गाठ. ती कितीही घट्ट ओढा, तासाभरात सुटणार. तुमची अकरापर्यंत सुटते ना, मला तीच शंका आहे. दुरुस्ती एवढीच, की पहिली अढी घालताना नाडी डावी उजवीवरून नेत असाल, तर उद्या उजवी डावीवरून न्या. फूल मात्र रोजचंच. आळशी गाठीवर दुसरी गाठ मारली तर आतली सैल होते आणि वरची आवळून बसते. मग वर्गाच्या दारात मूल रडतं, कारण बूट निघत नाही.

आता शिकवणं. बहुतेक मुलांना पाच ते सात या दरम्यान जमतं, साडेपाचला न येणं यात काही कमी नाही. चूक अशी होते, की आपण पहिल्या पायरीपासून शिकवतो आणि मूल तिसरीवर कंटाळतं. मी उलटं करते. सगळं मी बांधते, दोन्ही कान तयार, फक्त शेवटची ओढ त्याच्यासाठी ठेवते. तो दोन्ही कान धरून ओढतो आणि गाठ झाली. चार-पाच दिवस तेवढंच. मग कान भोकातून काढणं आणि ओढणं. मग दोन कान करून एकमेकांवर टाकणं. शेवटी पहिली अढी. रोज शेवट त्याच्याच हातून होतो, म्हणून कंटाळत नाही. माझ्याकडे साधारण तीन-चार आठवडे लागतात, एखाद्याला दीड महिना.

बूट त्याच्या पायात घालून नाही, तर मांडीवर ठेवून शिकवा, टोक त्याच्यापासून बाहेर, जसं ते त्याच्या पायात दिसतं. तुम्ही शेजारी बसा, समोर नाही, नाहीतर त्याला सगळं उलटं दिसतं. तो डावखुरा असेल आणि तुम्ही उजव्या, तर मात्र समोर बसलेलंच बरं, आरशासारखं होतं. दोन रंगांच्या नाड्या टोकाला गाठून ओवल्या तर 'लाल खालून गेली' असं सांगता येतं. चपट्या सुती घ्या. गोल गुळगुळीत नायलॉनच्या नाड्या मोठ्यांच्याही सुटतात.

तर माझं मत, बागेत आणि शाळेत कडीवाला वेल्क्रो, शिकायला घरी आत्याचे बूट.

भरीतपार्टी:
म्हणजे मी म्हणालो तेच. नाडी नको.

इंजिनिअर_जळगाव:
आळशी गाठ हा मुद्दा त्या अभ्यासातही आहेच, माझ्याकडून लिहायचा राहिला.

खानदेशी_मावशी:
बागेचं कुणीच बोललं नाही. माझ्या भाचीचा पाय मोडला घसरगुंडीवर, आणि बूट वेल्क्रोचे होते! वहिनी तिला मांडीत घेऊन घसरली. बुटाचा रबरी तळ कडेच्या पत्र्याला चिकटला, पाय तिथेच अडकला आणि वहिनीचं वजन खाली गेलं. नडगीच्या हाडाला चीर. सहा आठवडे प्लास्टर. आता आमच्याकडे बूट काढूनच घसरगुंडी.

शिशुवर्गाची_ताई:
मावशी, यात नाडी-वेल्क्रोचा संबंधच नाही, तो मांडीचा दोष. एकटं घसरणारं मूल पाय अडकला की थांबतं, मागे मोठं माणूस असलं की थांबता येत नाही. लहानाला एकट्यालाच घसरू द्या आणि आपण बाजूला उभे राहा. भीती वाटत असेल तर त्याला अजून छोटी घसरगुंडी हवी.

केळीवाला_रावेर:
बूट काढून? एप्रिलमध्ये आपल्याकडच्या पत्र्याच्या घसरगुंडीवर पापड भाजून निघतो. शिवाय खाली काचा असतात.

खानदेशी_मावशी:
मग सकाळी जा. आम्ही सातला जातो.

धुळ्याचा_बूटवाला:
नाडी पक्की करायचीच असेल तर लांबी बघा. कारखान्यातून आलेली नाडी लहान बुटाला बऱ्याचदा जास्त लांब असते. बांधल्यावर कान आणि टोकं बुटाच्या तळाच्या कडेपर्यंत येत असतील तर धोका. चार जोड्या भोकांच्या लहान बुटाला ६०-७० सेंटिमीटर साधारण पुरते, पण आधी जुन्या नाडीचं माप घ्या. कापू नका, टोकाची प्लास्टिक नळी जाते आणि मग मुलाला ओवताच येत नाही. उरलेली टोकं आडव्या ओवलेल्या नाडीखाली खोचा.

गोल फिरणाऱ्या पाळण्यावर मात्र खोचलेलंही नको. पट्टी अडकली तर बहुतेक वेळा सोलून निघते आणि पाय सुटतो. बांधलेली नाडी अडकली तर सुटत नाही, पोरगं फिरतं राहतं. जॅकेटच्या टोपीच्या दोरीचंही तेच, ती तर गळ्याशी असते. ती काढूनच टाका.

भुसावळचा_निवृत्त_गार्ड:
आमच्या वेळी अनवाणी फिरायचो, काही झालं नाही. (एकदा खिळा घुसला होता.) बूटवाले, तुमचं दुकान धुळ्यात नेमकं कुठे?

सानेगुरुजींच्या_गावची:
सगळ्यांचे आभार. खरंच, कान उभे होते! तीस वर्षं मी आळशी गाठ मारतेय. पहिली अढी उलटी घातल्यापासून चार दिवसांत एकदाही सुटली नाही.

आता रागावू नका. काल दुकानात कडीवाले वेल्क्रोचे घ्यायला गेलो, पण साहेबांनी निळे नाडीचे बूट पायात घातले ते काढलेच नाहीत. मोठ्या चुलतभावाचे तसेच आहेत. ५४० ला घेतले. घरी येऊन नाड्या बदलल्या, एक लाल एक पांढरी, ६५ सेंटिमीटरच्या. शेवटची ओढ तो स्वतः मारतो आणि सबंध गल्लीला दाखवतो.

शिशुवर्गाची_ताई:
गोल पाळण्याचं काय ठरलं?

सानेगुरुजींच्या_गावची:
त्या दिवशी चप्पल. मागे पट्टा असलेली, सासूबाईंनी आणली, ११० ची. तिला वेल्क्रो आहे.

केळीवाला_रावेर:
😂 पावसाळ्यानंतर धागा वर काढा.